अकरा मुलांनी चूक केली, तरी गुप्त विनोद अर्थपूर्ण निघाला: कृतिपत्रिकेत नेमके काय चुकले?

खडूफळा (धागा सुरू करणारी)

सहावीच्या उजळणीसाठी मी पदावल्यांची एक कृतिपत्रिका तयार केली. वर एक कोडे आहे, खाली दहा प्रश्न आहेत आणि प्रत्येक उत्तराला एक अक्षर ठरवून दिलेले आहे. सर्व उत्तरे बरोबर आली की दहा चौकटींत कोड्याचे उत्तर उमटते. कोडे असे आहे: "भागाकार संपल्यावर भाजक भाज्याला काय म्हणाला?" उत्तर: "बरं, बाकी काय म्हणतोस?"

हे वाक्य निवडण्याचे कारण असे की त्यात नेमकी दहा अक्षरे आहेत आणि एकही अक्षर दोनदा येत नाही. प्रश्न, त्यांची उत्तरे आणि अक्षरे पुढे देत आहे.

१) ६ + ४ × ५ = २६, ब
२) (६ + ४) × ३ = ३०, रं
३) २४ − ८ + ६ = २२, बा
४) ३० − (१२ + ४) = १४, की
५) ४८ ÷ ८ × २ = १२, का
६) ४० − ४ × ६ = १६, य
७) ७ × (९ − ५) = २८, म्ह
८) १८ + १२ ÷ ६ = २०, ण
९) ५ × ८ − ६ ÷ २ = ३७, तो
१०) ५० − [२० − (८ − ३)] = ३५, स

तक्त्यात ही दहा उत्तरे मी चढत्या क्रमाने लावली आणि तक्ता फार उघड वाटू नये म्हणून ९, ३३, ४१ आणि ४५ या चार जादा संख्या त्यात मिसळल्या. त्यांना ल, मु, रा आणि प अशी अक्षरे दिली.

अडचण अशी झाली की अडतीस मुलांपैकी अकरा जणांनी "बरं, बाबा काय म्हणतोस?" असे उत्तर आणले. ते वाचून ती मुले मनापासून हसली आणि आपले उत्तर चुकले आहे हे त्यांच्या गावीही नव्हते. खरे सांगायचे तर पहिल्या दोन वह्या तपासताना माझ्याही लक्षात आले नाही. उत्तर चुकले की वाक्य बिघडेल आणि मूल आपोआप मागे वळून पाहील, हाच तर या प्रकारच्या पत्रिकेचा आधार आहे. तो इथे का कोसळला?

मधली_सुट्टी

ताई, कोडे फारच आवडले. अशी आणखी दहा-पंधरा कोडी कुठे एकत्र मिळतील का? आमच्याकडे शनिवारी शेवटच्या तासाला मुलांना गुंतवून ठेवावे लागते.

खडूफळा

कोड्यांचा संग्रह माझ्याजवळ नाही. माझा प्रश्न कोड्याबद्दल नसून पत्रिकेच्या रचनेबद्दल आहे.

कंसातला

मूळ चौथ्या प्रश्नात आहे. ३० − (१२ + ४) सोडवताना मूल कंस सोडताना चिन्ह बदलायला विसरले, म्हणजेच त्याने ३० − १२ + ४ केले, की उत्तर २२ येते. आणि २२ हे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे बरोबर उत्तर असल्यामुळे तक्त्यात ते 'बा' या अक्षरासमोर बसलेले आहे. मुलाने तक्ता पाहिला, त्याला २२ सापडले, त्याने निःशंकपणे 'की'च्या जागी 'बा' लिहिले आणि 'बाकी'चे 'बाबा' झाले. ही चूक सहावीत अत्यंत नेहमीची आहे, त्यामुळे अकरा हा आकडा मला मुळीच जास्त वाटत नाही.

आता एक पडताळा करून पाहा. तिसऱ्या प्रश्नात, म्हणजे २४ − ८ + ६ मध्ये, बरीच मुले आधी बेरीज करतात आणि २४ − १४ = १० असे उत्तर आणतात. तुमच्या तक्त्यात १० नाही. तिथे मुलांनी खाडाखोड करून पुन्हा सोडवल्याचे दिसते का?

खडूफळा

आत्ताच गठ्ठा काढून पाहिला. तिसऱ्या प्रश्नाजवळ नऊ जणांची खाडाखोड आहे आणि त्यांपैकी सात जणांचे खोडलेले उत्तर १० हेच आहे. चौथ्याजवळ फक्त दोघांची खाडाखोड आहे. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाने मुलांना अडवले आणि चौथ्याने अलगद जाऊ दिले.

दुरेघी_वही

२४ − ८ + ६ चे उत्तर १० येण्याला आपण शिक्षकही थोडे जबाबदार आहोत, असे मला वाटते. 'कंचेभागुबेव' असे आपण पाठ करून घेतो, त्यात 'बे' आधी आणि 'व' नंतर येतो, आणि मूल प्रामाणिकपणे बेरीज आधी करते. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर असतात व त्या डावीकडून उजवीकडे सोडवायच्या असतात, हे त्या सूत्रात कुठेच ऐकू येत नाही. विषयांतराबद्दल क्षमस्व.

चौथ्या प्रश्नाचा उपाय मात्र सोपा आहे. अक्षरांची अदलाबदल करा. २२ ला 'स' द्या आणि ३५ ला 'बा' द्या. मग चौथा चुकला तर 'बाबा' येणारच नाही.

कंसातला

'बाबा' येणार नाही, पण 'बास' येईल. "बरं, बास, काय म्हणतोस?" हेही एखाद्या मुलाला चालून जाईल. २२ ला 'ण' दिला तर 'बाण' होतो, 'य' दिला तर 'बाय' होतो आणि 'ब' दिला तर 'बाब' होते. 'बा'नंतर जवळजवळ काहीही ठेवले तरी मराठीत शब्द तयार होतो, हीच या वाक्याची खोच आहे. 'तो' दिला तर 'बातो' हे निरर्थक होईल हे खरे, पण एका टक्करीसाठी सगळा तक्ता हलवण्यापेक्षा प्रश्नातली एक संख्या बदलणे सोपे.

चौथा प्रश्न ३१ − (१२ + ४) असा करा. बरोबर उत्तर १५ होते आणि कंसाची चूक केली तर २३ येते. या दोन्ही संख्या तुमच्या पत्रिकेत दुसरीकडे कुठेच नाहीत.

मी स्वतः अशी पत्रिका करताना प्रश्नांच्या यादीशेजारी आणखी एक रकाना आखतो आणि त्यात प्रत्येक प्रश्नाचे सर्वांत संभाव्य चुकीचे उत्तर लिहितो. तुमच्या पत्रिकेसाठी तो रकाना असा होईल: पहिल्यासाठी ५०, दुसऱ्यासाठी १८, तिसऱ्यासाठी १०, चौथ्यासाठी २२, पाचव्यासाठी ३, सहाव्यासाठी २१६, सातव्यासाठी ५८, आठव्यासाठी ५, नवव्यासाठी १७ आणि दहाव्यासाठी ४१. मग या रकान्यातली एकही संख्या बरोबर उत्तरांच्या रकान्यात येत नाही ना, एवढेच पाहायचे. इथे २२ लगेच डोळ्यांत भरते. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण ते पत्रिका छापण्याआधी करावे लागते.

गोष्टीवेल्हाळ

मी ताईंचे वाक्य संगणकावर मोजून पाहिले. दहा अक्षरे नसून सतरा आहेत. तक्त्याच्या फाइलमध्ये मी पुढील सूत्र वापरले.

```
=LEN("बरंबाकीकायम्हणतोस")
```

उत्तर १७ आले. त्यामुळे प्रश्नही सतरा हवेत असे वाटते.

कंसातला

सूत्राने मोजले ते बरोबरच आहे, पण त्याने अक्षरे मोजलेली नाहीत. काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही प्रत्येक खूण ते वेगळी धरते, म्हणून 'म्ह' हे त्याच्या लेखी तीन होते आणि 'की' दोन होते. मुलाच्या दृष्टीने 'म्ह' ही एकच चौकट आहे. त्याच कारणाने वाक्याचे तुकडे सूत्राने पाडू नयेत, कारण अर्धा म एका चौकटीत आणि ह दुसऱ्या चौकटीत जाऊन बसतो. प्रत्येक अक्षर हातानेच आपापल्या चौकटीत लिहावे.

गोष्टीवेल्हाळ

समजले. मग 'बा'चा त्रासच नको असेल तर विनोदच बदलावा असे सुचवतो. शून्य आठाला म्हणाले, "तुझा पट्टा छान आहे!" मुले खूप हसतात.

दुरेघी_वही

तो विनोद ज्या आकड्यांत आठ म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन शून्ये असतात, त्या आकड्यांसाठी आहे. आपल्या ८ ला कंबर कुठे आहे, पट्टा बांधायला?

शब्दवेडी

माझा अनुभव गणिताचा नसून विज्ञानाचा आहे, पण दुखणे तेच आहे असे वाटते. मी उजळणीसाठी शब्दांची पत्रिका केली होती. तिच्यात वेगळा तक्ता नव्हता. प्रत्येक उत्तर चौकटींत लिहायचे आणि जाड रेघेच्या चौकटीतले अक्षर खाली उतरवायचे, अशी रचना होती. "पानांना हिरवा रंग देणारे द्रव्य" यासाठी माझ्या मनात 'हरितद्रव्य' होते. काही मुलांनी 'क्लोरोफिल' लिहिले, तेही बरोबरच आहे, पण पाच चौकटींत ते चारच अक्षरांचे झाले. त्याहून गंमत अशी की 'हरितद्रव्य' लिहिणाऱ्यांपैकीही काहींना चौकटी कमी पडल्या, कारण त्यांनी 'द्र' आणि 'व्य' फोडून दोन-दोन चौकटींत लिहिले होते. अशा वेळी काय करावे?

कंसातला

ज्या उत्तराला दोन नावे आहेत ते उत्तर जाड चौकटीच्या कामाचे नाही. ते पत्रिकेत हवेच असेल तर प्रश्नातच एक नाव उघड करावे, म्हणजे "क्लोरोफिलचे मराठी नाव" असे विचारावे. जोडाक्षरासाठी मात्र पत्रिकेच्या माथ्यावर एक सोडवलेले उदाहरण देण्याला पर्याय नाही. 'चंद्र' हा शब्द दोन चौकटींत लिहून दाखवला की बहुतेक मुलांना पुरेसे होते. सूचना वाक्यात लिहिली तर ती कोणी वाचत नाही.

निवृत्त_पण_हजर

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु एक मूलभूत मतभेद नोंदवतो. संभाव्य चुकीची उत्तरे शोधून ती तक्त्यात घालावीत अशी पद्धत पुष्कळ जण सांगतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. चुकीचे उत्तर तक्त्यात नसले की मूल तिथल्या तिथे थांबते, हे खडूफळा यांच्या तिसऱ्या प्रश्नाने दाखवूनच दिले आहे. उजळणीत मुलाला ताबडतोब कळणे महत्त्वाचे असते. दहाही प्रश्न संपल्यावर "तुझे वाक्य जुळत नाही" असे कळले तर दहांपैकी कोणता प्रश्न चुकला हे ते शोधत बसेल, किंवा शेजाऱ्याच्या वहीत पाहील. दुसरा मार्ग सोपा असल्यामुळे ते तोच धरेल.

कंसातला

सर, आपले म्हणणे मला अर्धे पटते. तक्त्यात फक्त बरोबर उत्तरे ठेवली तर तो तक्ता म्हणजे उत्तरसूचीच होते. मग मुले सोडवत नाहीत, जुळवतात. सातव्या प्रश्नासाठी ७ × ९ पाहून ६३ आणि त्यातून ५ गेले की ५८, ते तक्त्यात नाही, मग २८ असेल, असे करत ती पुढे जातात. कंस का आधी सोडवायचा याचा विचार त्यांना करावाच लागत नाही.

शिवाय चुकीचे उत्तर तक्त्यात असेल तर शिक्षकाला एक फायदा होतो. ५० ला मी 'झ' दिला आणि एखाद्या मुलाच्या पहिल्या चौकटीत 'झ' आला, तर त्याने ६ + ४ आधी केले हे वही न उघडताच कळते. खडूफळा ताईंच्या जादा संख्यांपैकी ३३ आणि ४५ या कोणत्याही चुकीतून येणाऱ्या नाहीत, म्हणून त्यांचा असून उपयोग नाही. ४१ मात्र योगायोगाने कामाचा निघाला आहे. दहाव्या प्रश्नात आतला कंस न मानता २० − ८ − ३ = ९ केले, तर पुढे ५० − ९ = ४१ येते. तिथेच जो थांबेल त्याला ९ मिळेल.

खडूफळा

४१ चे श्रेय मला देऊ नये, ती संख्या मी डोळे मिटून घातली होती. मात्र आता पाहिले तर एका मुलीच्या शेवटच्या चौकटीत खरोखरच 'रा' आहे, "काय म्हणतोरा" असे. मला वाटले होते की तिचे अक्षर वाईट आहे.

निवृत्त_पण_हजर

आपण दोघे एकाच पत्रिकेकडून दोन वेगवेगळी कामे अपेक्षितो आहोत असे दिसते. मुलाने स्वतःची चूक पकडावी असे हवे असेल तर चुकीची उत्तरे तक्त्याबाहेर ठेवावीत, आणि शिक्षकाने मुलाची चूक ओळखावी असे हवे असेल तर आत ठेवावीत. तरीही मी बाहेरच ठेवीन.

शब्दवेडी

दोन्ही थोडे-थोडे करता येणार नाही का? म्हणजे सोप्या प्रश्नांची चुकीची उत्तरे आत आणि अवघड प्रश्नांची बाहेर?

कंसातला

करता येईल, पण मग तक्त्यात उत्तर सापडले याचा अर्थ मुलाच्या दृष्टीने कधी 'बरोबर' आणि कधी 'कदाचित' असा होईल. मला ते घातक वाटते, पण मी करून पाहिलेले नाही.

दुरेघी_वही

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधते, कारण माझ्या वर्गात चुकांपेक्षा तिचाच त्रास जास्त होतो. ताईंचे प्रश्न आणि वाक्यातली अक्षरे एकाच क्रमाने आहेत. पाच प्रश्न झाले की चौकटींत "बरं बाकी का" एवढे दिसते आणि हुशार मूल उरलेले पाच प्रश्न न सोडवताच "काय म्हणतोस" लिहून मोकळे होते. मग ते तक्त्यात 'म्ह'समोर २८ पाहते आणि सातव्या प्रश्नापुढे २८ लिहिते. पत्रिका पूर्ण, उजळणी अर्धी.

माझी रीत अशी आहे. मी आधी वाक्याकडे पाहून कोणती अक्षरे अंदाजाने येतील ते ठरवते. इथे 'य', 'म्ह', 'ण', 'तो' आणि 'स' ही येतील. ज्या प्रश्नांची उजळणी झाली नाही तरी चालेल असे सर्वांत सोपे प्रश्न त्यांना देते. 'बा' आणि 'की' मात्र अंदाजाने येत नाहीत, कारण विनोद तिथेच लपलेला आहे. त्यांना कंसाचे आणि वजाबाकीचे प्रश्न द्यावेत, आणि पत्रिकेत ते नवव्या-दहाव्या क्रमांकावर ठेवावेत. चौकटींखाली प्रश्नाचा क्रमांक छापला की क्रम उलटसुलट असला तरी मुले गोंधळत नाहीत.

मधली_सुट्टी

पण सावकाश सोडवणारी मुले नवव्या-दहाव्या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांच्या चौकटींत "बरं, __ __ काय म्हणतोस" एवढेच राहील, आणि ज्यांना कंसाचा सराव हवा आहे ती नेमकी हीच मुले असतात.

दुरेघी_वही

हे माझ्या लक्षात आले नव्हते. माझ्या वर्गात ही पत्रिका घरी पूर्ण करायची असते, त्यामुळे वेळ कमी पडत नाही. एका तासात सोडवायची असेल तर बहुधा कंसाचे प्रश्न मध्ये कुठेतरी, पाचव्या-सहाव्या क्रमांकावर, ठेवावे लागतील.

निवृत्त_पण_हजर

जाता जाता एक भाषिक शंका. लेखी मराठीत आपण 'बरे' लिहितो. पत्रिकेवर 'बरं' छापणे योग्य आहे का?

खडूफळा

सर, ते बोलणे आहे, म्हणून 'बरं' ठेवले. तरी आपल्या शंकेमुळे एक जुनी खूण उलगडली. दुसऱ्या तुकडीच्या छायाप्रती काढल्या तेव्हा काही प्रतींत 'रं'वरचा अनुस्वार उडाला होता आणि त्या मुलांनी "बर बाकी" लिहिले होते. मी त्यांचे शुद्धलेखन चुकले असे समजून गुण कापले होते, ते आता परत द्यावे लागतील. पुढच्या प्रतीत तक्त्यातली अक्षरे मोठ्या ठशात घेईन.

खडूफळा (चार दिवसांनंतर)

पत्रिका बदलून तिसऱ्या तुकडीला दिली. चौथा प्रश्न ३१ − (१२ + ४) असा केला, तो सहाव्या क्रमांकावर नेला आणि चुकीची उत्तरे तूर्त तक्त्याबाहेर ठेवली. या वेळी 'बाबा' एकाकडेही नव्हता. त्या प्रश्नाजवळ चौदा मुलांची खाडाखोड आहे आणि बहुतेक ठिकाणी खोडलेले उत्तर २३ आहे.

मात्र पाच वह्यांत १५ हे उत्तर आहे आणि त्याच्याजवळ एकही पायरी लिहिलेली नाही. त्यांपैकी दोघांना फळ्यावर ४० − (१५ + ५) सोडवायला सांगितले, तर दोघांनीही ३० आणले. त्यांना 'बाकी' शब्द आधी सुचला असावा आणि त्यावरून त्यांनी १५ शोधले असावे. पायऱ्या लिहिल्याशिवाय अक्षर मिळणार नाही अशी अट घालणे, एवढेच मला सुचते आहे. कोणाकडे याहून बरा उपाय आहे का?

कंसातला

कोड्याचा प्रश्न पत्रिकेवर छापूच नका. "भागाकार संपल्यावर भाजक भाज्याला काय म्हणाला?" हे वाचताक्षणी 'बाकी' सुचणारी दोन-तीन मुले प्रत्येक वर्गात असतातच. आधी उत्तर सोडवू द्या, आणि कोडे सर्वांच्या चौकटी भरल्यावर तुम्ही तोंडी विचारा.

निवृत्त_पण_हजर

मग मूल ते वाक्य कशासाठी शोधेल? कोडेच समोर नसेल तर दहा चौकटी भरण्याची उत्सुकता कुठून येणार?

खडूफळा

दोन तुकड्या उरल्या आहेत. एकीला कोडे छापून देते आणि दुसरीला न छापता देते. दोन्हीकडे तो प्रश्न सहाव्या क्रमांकावरच ठेवते आणि बिनपायऱ्यांची १५ किती निघतात ते मोजून इथे लिहिते.